धंदा बुडाला तर उधारी कुणाच्या दारात?

पिंप्राळ्यात दोन मावसभाऊ केळी वेफर्सचा छोटा कारखाना टाकतात, असं समजू. रावेर, सावदा, यावल या पट्ट्यातून कच्ची केळी मिळायला अडचण नाही. जळगावच्या बाजारातून तेल येतं, पॅकिंगच्या पाऊचचे रोल येतात. स्लायसर, कढई, पाऊच भरायचं मशीन आणि भाड्याचा एक गाळा एवढ्यावर काम सुरू होतं. धाकट्याच्या नावावर पिंप्राळ्यात घर आहे. थोरल्याकडे मालमत्ता नाही, पण वेफर्स तळण्याचा वीस वर्षांचा हात आहे.

हे दोघं सीएकडे जातात तेव्हा पहिलाच प्रश्न येतो, प्रोप्रायटरशिप करायची, पार्टनरशिप की प्रायव्हेट लिमिटेड? बहुतेक जण यावर उलट प्रश्न विचारतात, ‘स्वस्तात काय पडेल?’ खर्च हा एक मुद्दा आहेच. पण तीन प्रकारांतला खरा फरक वेगळ्याच तीन ठिकाणी दिसतो. देणं थकलं तर वसुलीला लोक कुणाच्या दारात येतात, गल्ल्यातला पैसा कुणाचा असतो, आणि दोघांतला एक जण निघून गेला तर मागे काय उरतं. धंदा नीट चालू असताना यातलं काहीच जाणवत नाही. म्हणून हाच कारखाना तिन्ही प्रकारांत चालवून पाहू.

देणं थकल्यावर

आधी सगळ्यात वाईट दिवस पाहू. तीन वर्षांनी कारखाना बंद पडला. देणं ३५ लाखांचं आहे. त्यात बँकेचं कर्ज १८ लाख, तेलाच्या व्यापाऱ्याचे ९ लाख, केळीवाल्याचे ५ लाख आणि पाऊचवाल्याचे ३ लाख. मशीन आणि माल विकून १२ लाख आले. हे सगळं बँकेकडे तारण होतं, म्हणून तेवढे बँकेने घेतले. आता बँकेचे ६ लाख आणि पुरवठादारांचे १७ लाख, असं २३ लाखांचं देणं शिल्लक आहे.

धंदा धाकट्याच्या नावावर प्रोप्रायटरशिप म्हणून असता, तर कायद्याच्या नजरेत कारखाना आणि धाकटा यांच्यात फरकच नसता. फलकावर नाव कुठलंही असो, पॅन त्याचं, करंट अकाउंट त्याचं, देणंही त्याचं. तेलवाल्याने दावा जिंकला की वसुली थेट धाकट्याच्या घरापर्यंत पोहोचते. थोरला त्यात नोकर ठरतो. त्याच्यावर देणं येत नाही, पण नफ्यावर हक्कही सांगता येत नाही.

पार्टनरशिप असती तर चित्र आणखी बिकट होतं, आणि नेमकं हेच लोकांना माहीत नसतं. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे. त्याच्या २५व्या कलमानुसार फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार सगळ्यांसोबत आणि एकटाही पूर्णपणे जबाबदार असतो. डीडमध्ये पन्नास-पन्नास टक्के लिहिलेलं असलं तरी ती वाटणी दोघा भावांपुरती असते. तेलवाल्याला ती लागू नाही. ज्याच्याकडे घर आहे त्याच्याकडून तो पूर्ण ९ लाख मागू शकतो. धाकट्याने मग थोरल्याकडून त्याचा हिस्सा वसूल करावा. थोरल्याकडे काही नसेल तर तो हिस्सा कागदावरच राहतो.

शिवाय प्रत्येक भागीदार फर्मचा एजंट असतो. तेलाचे भाव वाढणार या अंदाजाने थोरल्याने धाकट्याला न विचारता चार लाखांचं तेल उधारीवर उचललं, तरी तो व्यवहार नेहमीच्या धंद्यातला असल्याने फर्मवर बंधनकारक होतो. ‘मला सांगितलंच नव्हतं’ हे उत्तर तेलवाल्यासमोर चालत नाही.

आता प्रायव्हेट लिमिटेड. कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती. तेल कंपनीने घेतलं, देणं कंपनीचं. भावांनी शेअरचे पैसे पूर्ण भरले असतील तर त्यांचं नुकसान तेवढ्यावर थांबतं. हे तत्त्व पक्कं झालं ते लंडनमधल्या एका बूट बनवणाऱ्याच्या खटल्यात. ॲरन सॉलोमनने आपला चालू धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीला विकला. तेव्हाच्या कायद्यात सात भागधारक लागायचे, म्हणून बायको, मुलगी आणि चार मुलगे यांच्या नावे एकेक शेअर ठेवला आणि बाकीचे सगळे स्वतःकडे. पुढे कंपनी बुडाली. ही कंपनी म्हणजे सॉलोमनच आहे, त्याच्याकडून देणं वसूल करा, असं म्हणणं मांडलं गेलं. हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८९६ च्या नोव्हेंबरमध्ये ते फेटाळलं. कंपनी नियमाने स्थापन झाली असेल तर ती तिच्या मालकाहून वेगळी, मग सगळे शेअर एकाच घरात का असेनात. आपल्याकडच्या कंपनी कायद्याचाही पाया हाच आहे.

म्हणजे आपल्या उदाहरणात पुरवठादारांचे १७ लाख एरवी कंपनीपाशीच थांबतील आणि धाकट्याचं घर वाचेल. पण ही भिंत सगळीकडे सारखी उंच नाही, हे समजलं नाही तर कंपनी काढून माणूस उगाच निर्धास्त होतो.

बँकेचे उरलेले ६ लाख घ्या. छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक साधारणपणे संचालकांची वैयक्तिक हमी घेते. त्या सहीनंतर बँकेपुरती भिंत उरत नाही. कंपनीची दिवाळखोरी निकाली निघाली तरी हमीदार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये ललितकुमार जैन यांच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे.

चेकचंही तसंच. कंपनीचा चेक वटला नाही तर ज्याने सही केली आणि जो त्या वेळी कारभार पाहत होता, त्या संचालकावर फौजदारी खटला होऊ शकतो. तेलवाल्याकडे सही केलेला चेक असेल तर त्या ९ लाखांची गोष्ट बदलते. सरकारी करातही प्रायव्हेट कंपनीच्या संचालकाला वेगळी वागणूक आहे. कंपनीकडून जीएसटी किंवा प्राप्तिकर वसूल झाला नाही, तर आपल्या हयगयीमुळे तसं झालं नाही हे संचालकाला सिद्ध करावं लागतं. नाहीतर ते देणं त्याच्याकडे येतं.

थोडक्यात, कंपनीचा आडोसा खरा उपयोगी पडतो तो पुरवठादारांच्या उधारीत, भाडेकरारात आणि मालात खोट निघाल्यावर येणाऱ्या नुकसानभरपाईच्या दाव्यात. बँक, चेक आणि कर यांच्यासमोर त्यावर विसंबून राहता येत नाही.

गल्ल्यातला पैसा

आता धंदा चांगला चालला आहे असं धरू. घरात लग्न निघालं आणि धंद्याच्या खात्यातून तीन लाख काढायचे आहेत.

प्रोप्रायटरने काढले तर ती उचल. पैसा त्याचाच होता, एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला. कर नफ्यावर लागतो, पैसा काढण्यावर नाही. भागीदाराने काढले तर ते त्याच्या भांडवली खात्यातून वजा होतात. दुसऱ्या भागीदाराला त्याचा हिशेब मागायचा हक्क असतो, पण तिथेही काढलेल्या रकमेवर वेगळा कर नाही.

कंपनीत हेच तीन लाख दुसऱ्याचे पैसे ठरतात. संचालकाने ते पगार म्हणून घ्यावेत, नाहीतर लाभांश म्हणून. दोन्हींवर त्याच्या हातात कर आहे. ‘नंतर भरतो’ म्हणून नुसते उचलले तर ते कंपनीने दिलेलं कर्ज होतं. ज्याच्याकडे दहा टक्के किंवा त्याहून जास्त मतांचे शेअर आहेत त्याला प्रायव्हेट कंपनीने असं कर्ज दिलं, तर कंपनीकडे साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत प्राप्तिकर कायदा त्या रकमेला लाभांश समजतो. पैसे पुढे परत भरले तरी कर लागायचा तो लागतो. गल्ल्यातून घरखर्च चालवायची सवय असलेला माणूस कंपनी काढल्यावर पहिला अडकतो तो इथे.

पैसा आत आणतानाही फरक पडतो. खानदेशात धंद्याला हात देणारे शेजारी, मित्र, गावातले ओळखीचे असतात. प्रोप्रायटरने त्यांच्याकडून बँकेमार्फत हातउसने घेतले तर कंपनी कायद्याचा संबंध येत नाही. प्रायव्हेट कंपनीला मात्र अशा बाहेरच्या माणसाकडून कर्ज म्हणून पैसे घेता येत नाहीत, कारण ती ठेव धरली जाते. संचालक आणि त्यांचे नातेवाईक देऊ शकतात, पण ही रक्कम उसनी आणलेली नाही, स्वतःचीच आहे, असं लेखी द्यावं लागतं.

नफ्यावरच्या कराचा फरक एका उदाहरणात पाहू. दोघा भावांचा मोबदला धरण्याआधीचा नफा १५ लाख आहे, दोघांना दुसरं उत्पन्न नाही, आणि २०२५-२६ चे नव्या पद्धतीचे दर धरले आहेत. प्रोप्रायटरशिप असेल तर सगळे १५ लाख धाकट्याचं उत्पन्न, कर सेससह १ लाख ९ हजार २०० रुपये.

पार्टनरशिप फर्मला मात्र पहिल्या रुपयापासून तीस टक्के आणि वर सेस, म्हणजे ३१.२ टक्के कर आहे. करमुक्त टप्पा नाही. दिलासा एवढाच, की भागीदारांना दिलेला पगार ठरावीक मर्यादेत नफ्यातून वजा होतो. पहिल्या ६ लाखांच्या नव्वद टक्के आणि पुढच्या रकमेच्या साठ टक्के. १५ लाखांवर हा पगार १० लाख ८० हजार होतो. दोघांच्या वाट्याला ५ लाख ४० हजार येतात आणि त्यावर त्यांना कर पडत नाही. उरलेल्या ४ लाख २० हजारांवर फर्म १ लाख ३१ हजार ४० रुपये भरते. पण पार्टनरशिप डीडमध्ये पगाराचं कलम आणि तो कसा मोजायचा हे लिहिलेलं नसेल, तर ही वजावट मिळतच नाही. मग पूर्ण १५ लाखांवर ४ लाख ६८ हजार भरावे लागतात. स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या तयार मसुद्यावर डीड केलं आणि त्यात हे एक वाक्य नसलं, तर एका वर्षात ३ लाख ३६ हजारांहून जास्त फटका बसतो.

कंपनीत संचालकांच्या पगाराला अशी टक्केवारीची मर्यादा नाही, फक्त तो कामाच्या मानाने वाजवी हवा. दोघांनी साडेसहा-साडेसहा लाख घेतले तर कंपनीकडे २ लाख नफा उरतो. सवलती सोडून बावीस टक्क्यांचा दर निवडला तर अधिभार आणि सेस धरून तो २५.१६८ टक्के पडतो, म्हणजे ५० हजार ३३६ रुपये. आकडा लहान दिसतो, पण कंपनीचा वर्षाचा कागदोपत्री खर्च त्यात मिळवल्याशिवाय तुलना पुरी होत नाही.

तो खर्च असा. उलाढाल कितीही लहान असो, कंपनीला दरवर्षी ऑडिट करून घ्यावंच लागतं. वार्षिक सभा, संचालकांच्या बैठका आणि त्यांची इतिवृत्तं ठेवावी लागतात. सभेनंतर ताळेबंदाचा AOC-4 हा फॉर्म तीस दिवसांत आणि वार्षिक विवरणाचा MGT-7A साठ दिवसांत भरायचा असतो. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला शंभर रुपये जादा शुल्क चढत जातं. दोन्ही फॉर्म वर्षभर राहिले तर ७३ हजार रुपये होतात. सलग तीन वर्षं विवरणं भरली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. धंदा बंद पडला म्हणून फॉर्म थांबत नाहीत, कंपनी रीतसर बंद करून नाव काढून घेईपर्यंत ते चालूच राहतात.

एक जण निघाला तर

प्रोप्रायटर वारला की त्या नावाचा धंदा कायद्याने तिथेच संपतो. वारसाला धंदा चालवायचा असेल तर स्वतःच्या पॅनवर नवा जीएसटी नंबर घ्यावा लागतो. जुन्या खात्यातलं कराचं क्रेडिट ITC-02 हा फॉर्म भरून नव्या नंबरावर आणता येतं. करंट अकाउंटमधले पैसे वारसांना मिळतात, पण कागदपत्रं होईपर्यंत व्यवहार थांबतात, आणि नेमकं त्याच काळात केळीवाला पैसे मागतो.

पार्टनरशिपमध्ये भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. डीडमध्ये वेगळं ठरवलं असेल तर चालू राहते, पण ही सोय दोघांच्या फर्मला लागू पडत नाही. एक गेल्यावर उरलेला एकटा भागीदारी कुणाशी करणार? सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये सेठ गोविंदराम शुगर मिल्सच्या प्रकरणात हेच सांगितलं. म्हणून आपल्या दोघा भावांनी घरातलं तिसरं जाणतं माणूस सुरुवातीपासून भागीदार घेतलं, तर मृत्यूनंतर फर्म चालू ठेवण्याच्या कलमाला अर्थ येतो. त्या तिसऱ्या माणसावरही पूर्ण देण्याची जबाबदारी येते, हे त्याला आधीच सांगायला हवं.

मृत्यूपेक्षा जास्त वेळा घडतं ते भांडण किंवा वेगळं होणं. थोरला म्हणाला, ‘भाऊ, तू सांभाळ, मी निघतो,’ आणि घरी बसला. दोघांत हिशेब झाला, चहा झाला, कागद काही झाला नाही. तेलवाल्याला याची खबर नाही. कायद्याप्रमाणे जाहीर नोटीस देईपर्यंत, जो पुरवठादार त्याला भागीदार म्हणून ओळखतो त्याच्यापुरती थोरल्याची जबाबदारी निघून गेल्यानंतरच्या उधारीवरही राहते. फर्म नोंदलेली असेल तर ही नोटीस रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे, राजपत्रात आणि त्या भागातल्या मराठी वर्तमानपत्रात द्यावी लागते. पेपरच्या आतल्या पानावर छोट्या अक्षरांत छापलेल्या ‘जाहीर नोटीस’ आपण ओलांडून जातो. निघालेल्या भागीदाराचं घर वाचवायचं काम त्या करत असतात.

फर्मची नोंदणी सक्तीची नाही, म्हणून अनेक जण ती करत नाहीत. तिची किंमत पुढे मोजावी लागते. सुरतच्या एका वितरकाने वेफर्सचे ४ लाख थकवले, तर बिननोंदणीच्या फर्मला त्या कराराच्या आधारे दिवाणी दावा लावता येत नाही. ६९वं कलम आड येतं. तो वितरक मात्र फर्मवर दावा लावू शकतो. नोंदणी न करता लावलेला दावा पुढे नोंदणी केल्याने वाचत नाही, पण आधी नोंदणी करून मुदतीच्या आत, साधारण तीन वर्षांत, नव्याने दावा लावता येतो. दावा लावताना भागीदारांची नावं नोंदवहीत असावी लागतात. नवा भागीदार घेतल्यावर नाव चढवायचं राहिलं तरी हीच अडचण येते.

कंपनीचं आयुष्य माणसांच्या आयुष्याशी बांधलेलं नसतं. भागधारक गेला तर शेअर वारसांकडे जातात आणि जीएसटी नंबर, परवाने, बँक खातं, करार सगळं तसंच राहतं. भांडण झालं तरी कंपनी मोडत नाही. पण हाच गुण पन्नास-पन्नास टक्क्यांच्या कंपनीत दोष ठरतो. दोघं अडून बसले तर ठराव होत नाही, आणि बाहेर पडणाऱ्याचे शेअर कुणी, कोणत्या भावाने घ्यायचे हे आधी लिहिलेलं नसेल तर तो अडकून पडतो.

कंपनीची वेळ केव्हा येते

जळगावातलंच उदाहरण घ्या. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये कुटुंबाच्या सात हजार रुपयांवर रॉकेल विकायचा व्यापार सुरू केला. घरातल्या माणसांनी मिळून करायचा तो व्यापार होता. पुढे पपईच्या चिकापासून पपेन काढायचा कारखाना आला, प्लास्टिकचे पाइप आले. जैन इरिगेशन सिस्टिम्स ही कंपनी नोंदली गेली ती डिसेंबर १९८६ मध्ये, ठिबक सिंचनाच्या कामाच्या उंबरठ्यावर, म्हणजे पहिल्या व्यापारानंतर तेवीस वर्षांनी. ठिबकच्या कारखान्याला लागणारं भांडवल घरातून उभं राहणारं नव्हतं. बाहेरच्या माणसाला धंद्यात हिस्सा द्यायचा, तर तो हिस्सा शेअरमध्ये मोजता यावा लागतो, विकता यावा लागतो, आणि पैसे घालणाऱ्याच्या घरादारावर धंद्याचं देणं येऊन चालत नाही. पार्टनरशिपमध्ये हे जमत नाही. प्रायव्हेट कंपनीलाही दोनशेपेक्षा जास्त भागधारक घेता येत नाहीत आणि लोकांकडून पैसे मागवता येत नाहीत. त्यासाठी पब्लिक कंपनी व्हावं लागतं.

आपल्या वेफर्सच्या कारखान्याला ती वेळ आली आहे का, हे उधारीची वही सांगते. पुरवठादारांचं थकीत देणं एकत्र मोजायचं आणि धंदा उद्या बंद पडला तर घर न विकता ते फेडता येईल का, हे पाहायचं. फेडता येत असेल तर एकट्याने प्रोप्रायटरशिप किंवा दोघा-तिघांत नोंदलेली पार्टनरशिप पुरते. डीडमध्ये पगाराचं आणि भांडवलावरच्या व्याजाचं कलम, किती रकमेपुढे दोघांच्या सह्या लागतील, निघणाऱ्याचा हिशेब कसा करायचा आणि मृत्यूनंतर काय, एवढं स्पष्ट असावं. रकमेची ही मर्यादा ठाऊक नसलेल्या पुरवठादाराला बांधत नाही, म्हणून ती मोठ्या पुरवठादारांना लेखी कळवावी.

उधारी घराच्या ऐपतीपलीकडे गेली, किंवा बाहेरचा माणूस पैसे घालायला तयार झाला, की कंपनी किंवा एलएलपी करावी. एलएलपीत २००८ च्या कायद्याने पार्टनरशिपची लवचीकता आणि मर्यादित जबाबदारी दोन्ही मिळतात, कर मात्र फर्मसारखाच तीस टक्के. बदल मंदी लागण्याआधी करावा, कारण कंपनी होण्यापूर्वीची उधारी प्रोप्रायटरच्या किंवा भागीदारांच्या डोक्यावरच राहते. आणि कंपनी झाल्यावर बिलं, ऑर्डर, चेक, पाऊचवरचं नाव हे सगळं कंपनीच्या नावाने निघालं पाहिजे. तेलवाल्याकडे जुन्याच नावाने माल उचलत राहिलात, तर तो दावाही जुन्याच नावावर लावेल.